हिंदी चित्रवर्णन: क्रियापदावर सोपवा

«'इस तस्वीर में' काढलं तरी हिंदी वर्णन लांबच होतं. आणखी काय कापायचं?»

शेवटचं 'दिखाई दे रही हैं' कापा. अंध वाचकांना पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर हे चित्र आहे असं स्वतःच सांगतो, त्यामुळे दिसण्याचा उल्लेख दोन्ही टोकांना फुकट जातो. दुसरी बचत हिंदीचं क्रियापद करून देतं. समजा, रक्तदाब घरी कसा मोजावा या लेखातलं चित्र आहे आणि वर्णन असं: 'इस तस्वीर में सफ़ेद कोट पहने एक मुस्कुराती हुई महिला डॉक्टर एक बुज़ुर्ग का रक्तचाप नापती हुई दिखाई दे रही हैं।' इथे 'नाप रही हैं' म्हटलं की डॉक्टर बाई आहेत हे कळतंच, 'महिला' वेगळं नको. कोट आणि हसूही या लेखात निरुपयोगी.

उलट, वाचकाला हवी ती गोष्ट सुटली आहे, पट्टा नेमका कुठे बांधलाय! म्हणून मी लिहीन: 'डॉक्टर बुज़ुर्ग की बाँह पर, कोहनी से ऊपर पट्टा बाँधकर रक्तचाप नाप रही हैं।' हेच चित्र दवाखान्याच्या ओळखपानावर असेल तर मात्र पट्ट्याची जागा गाळा, 'डॉक्टर बुज़ुर्ग का रक्तचाप नाप रही हैं' एवढं पुरे.