नंबर तोच, कंपनी नवी: ऑनलाइन पोर्ट करताना तुमचा अनुभव काय?

मेघना_नाशिक

गेल्या महिन्यात माझा प्रीपेड नंबर घरबसल्या दुसऱ्या कंपनीत नेला. काम झालं, पण पहिला प्रयत्न वाया गेला आणि चूक माझीच होती. तशी ती आणखी कुणाकडून होऊ नये म्हणून हा धागा काढते आहे. तुमचेही अनुभव लिहा, विशेषतः पोस्टपेडवाल्यांनी, कारण ते मला काहीच माहीत नाही.

सोमवारी संध्याकाळी नव्या कंपनीच्या साइटवर नंबर टाकला, प्लॅन निवडला, पत्ता भरला. तिथे पोर्टिंग कोड मागितला म्हणून लगेच जुन्या सिमवरून 1900 ला मेसेज पाठवला:

```
PORT 98XXXXXXXX
```

PORT, मग एक मोकळी जागा आणि आपला दहा आकडी नंबर. दोन मिनिटांत आठ अक्षर-आकड्यांचा कोड आला. त्याखाली तो कुठल्या तारखेपर्यंत चालेल तेही होतं, ते मी वाचलंच नाही. सिम घेऊन येणारा मुलगा आला शनिवारी. त्याने कोड टाकला तर 'मुदत संपली'. कोड चारच दिवस चालतो, शुक्रवारीच गेला होता. त्याच्यासमोर नवीन कोड मागवला, पण तो मेसेज यायला वेळ लागला आणि त्याला पुढच्या घरी जायचं होतं. मग सोमवारी परत बोलावलं. त्या दिवशी तो इमारतीखाली आल्याचा फोन आल्यावरच 1900 ला मेसेज केला. आधार, बोटाचा ठसा, फोटो, दहा मिनिटांत सगळं आटोपलं. गुरुवारी पहाटे जुन्या सिमची रेंज गेली, नवं घातलं आणि चालू झालं.

कोकणचा_विन्या

ताई, माझा फोन पाण्यात पडला तेव्हा मी पण त्याच नंबरचं नवीन सिम घेतलं होतं. कंपनीच्या गॅलरीत आधार दाखवलं, दोन तासांत चालू झालं. तुम्हाला एवढे दिवस का लागले? कुठलाच कोड वगैरे लागला नाही.

मेघना_नाशिक

विन्या, तुमचं सिम बदललं, कंपनी तीच राहिली. त्याला कोड लागत नाही.

रिचार्जवाले_काका

सांगलीत माझं रिचार्जचं दुकान आहे, पोर्टिंगची गिऱ्हाइकं रोज येतात. विन्या, तुमची गोष्ट इथे वेगळ्या कारणाने कामाची आहे. सिम हरवलं किंवा बिघडलं म्हणून नवीन घेतलं असेल तर पुढचे सात दिवस पोर्टिंग कोड मिळत नाही. १ जुलै २०२४ पासून हा नियम आहे. कुणी दुसऱ्याच्या नावाचं सिम काढून नंबर पळवू नये म्हणून तो केला. लोक सिम बदलतात, दुसऱ्या दिवशी पोर्टला येतात आणि नकार आला की दुकानदाराशी भांडतात.

मेघनाताईंची चूक माझ्याकडेही फार दिसते. ऑनलाइन मागवताना सिम कधी येईल ते आपल्या हातात नसतं आणि कोडचे दिवस मात्र मोजलेले. म्हणून कोड सगळ्यात शेवटी मागवावा. काही साइट फॉर्म भरतानाच कोड मागतात, तिथे पर्याय नाही, पण दारात सिम येईतो नवीन कोड लागला तर तो परत मागवता येतो. काश्मीर, आसाम, ईशान्येकडची राज्यं इथे मुदत ३० दिवसांची आहे, आपल्याकडे चारच.

सह्याद्री_७७

माझ्या माहितीप्रमाणे कोड मिळाला म्हणजे पोर्ट सुरू झालं, मागे फिरता येत नाही. आणि बिल थकलेलं असलं तरी कोड मिळतो, कंपनी नंतर बघून घेते. माझ्या भावाचं असंच झालं.

रिचार्जवाले_काका

सह्याद्री, अर्धं बरोबर आहे. पूर्वी भावाचं तसं झालं असेल. आधी कोड देताना तपासणी नसायची, पोर्टची विनंती गेल्यावर ती अडकायची आणि माणूस चार दिवस ताटकळायचा. १६ डिसेंबर २०१९ पासून पद्धत बदलली. आता 1900 ला मेसेज गेला की जुन्या कंपनीकडे त्याच क्षणी विचारणा होते. या नंबरचं काढलेलं बिल थकलंय का, नंबर घेऊन किंवा मागच्या पोर्टला ९० दिवस झालेत का, नाव बदलण्याचा अर्ज पडून आहे का. सगळं ठीक असेल तरच कोड येतो. नसेल तर कोडऐवजी नकाराचं कारण मेसेजमध्ये येतं. तो मेसेज पुसू नका, त्यात नेमकं अडलंय कुठे ते असतं.

आणि कोड घेतला म्हणून काही सुरू होत नाही. वापरला नाही तर तो आपोआप बाद होतो. नव्या कंपनीत अर्ज दिल्यावरही २४ तासांत CANCEL, मोकळी जागा आणि नंबर असा मेसेज 1900 ला पाठवला तर अर्ज मागे घेता येतो. त्यानंतर नाही.

स्नेहल_पिंपरी

मेघना, पोस्टपेडचं मी सांगते, कारण मला त्याचा चांगलाच त्रास झाला.

माझ्या जुन्या कंपनीचं बिल दर महिन्याच्या ५ तारखेला निघायचं, भरायची शेवटची तारीख २३. प्लॅन ४९९ चा, जीएसटी धरून ५८८ रुपये ८२ पैसे. मी ९ तारखेला PORT पाठवलं तर नकार आला, थकबाकी आहे म्हणून. मला वाटलं २३ तारखेपर्यंत मुदत आहे तर थकबाकी कसली? पण कंपनीच्या हिशेबी बिल निघालं की ते बाकीच. त्यांच्या अॅपवरून लगेच भरलं, तासाभराने पुन्हा PORT पाठवलं, पुन्हा तोच नकार. भरलेले पैसे त्यांच्या खात्यात दिसायला वेळ लागतो हे तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवलं आणि कोड आला.

१५ तारखेला पहाटे नंबर नव्या कंपनीत गेला. मी समजले की जुन्यांचा हिशेब संपला, कारण थकबाकी नाही म्हणूनच तर कोड मिळाला होता. बँकेतून आपोआप पैसे जायची सोयही बंद करून टाकली. पण ५ ते १४ हे दहा दिवस मी त्यांचीच सेवा वापरली होती आणि ते बिल अजून निघायचंच होतं. ते निघालं पुढच्या महिन्यात, सुमारे १९६ रुपयांचं. माझ्या जुन्या ईमेलवर आलं, जो मी उघडतच नाही.

नंतर नव्या कंपनीचा मेसेज आला की जुन्या कंपनीची बाकी भरा, नाहीतर हा नंबर बंद होईल. मला आधी फसवणुकीचाच वाटला, कारण नव्या कंपनीचं बिल मी वेळेवर भरत होते. नवऱ्याने नव्या कंपनीच्या कॉल सेंटरला फोन केला तेव्हा कळलं की खरा आहे. जुनी कंपनी नव्या कंपनीमार्फत नंबर बंद करायला सांगू शकते. जुन्या कंपनीच्या साइटवर बिल भरलं, पावतीचा फोटो दोन्हीकडे पाठवला. मिटलं, पण ते चार दिवस माझा जीव टांगणीला होता. बँक, आधार, मुलीची शाळा, सगळं त्या एका नंबरवर आहे.

रिचार्जवाले_काका

स्नेहलताईंनी लिहिलंय ते पोस्टपेडवाल्यांनी दोनदा वाचा. कोड मिळतो तो निघालेल्या बिलांपुरता. शेवटचं बिल मागाहूनच येतं. बँकेतून आपोआप जाणारे पैसे ते शेवटचं बिल जाईपर्यंत चालू ठेवावेत आणि बिल येतं तो ईमेल बदलून घ्यावा. अनामत भरली असेल तर ती परत मागायची ती जुन्या कंपनीकडेच.

प्रीपेडला बाकी नसते, पण उरलेला बॅलन्स आणि पॅकचे दिवस बुडतात, पुढे जात नाहीत. म्हणून पॅक संपत आला की पोर्ट करावं. अगदी शेवटच्या दिवसापर्यंत ताणू नये, चारपाच दिवस हाताशी ठेवावेत.

वाशीचा_कोल्हापूरकर

माझा प्रश्न वेगळा आहे. नंबर कोल्हापूरचा, राहतो वाशीला. ऑनलाइन अर्ज केला तर पाच कामाचे दिवस सांगितले. शेजाऱ्याचं तीन दिवसांत झालं. मला का जास्त?

रिचार्जवाले_काका

दूरसंचारच्या नकाशात मुंबई वेगळी आणि महाराष्ट्र-गोवा वेगळं आहे. नवी मुंबई मुंबईत धरतात. तुमचा नंबर महाराष्ट्रातला, सिम मुंबईच्या पत्त्यावर घेतलंत, म्हणजे एका विभागातून दुसऱ्यात गेलात. त्याला पाच कामाचे दिवस लागतात, एकाच विभागात तीन. कंपनीच्या नावावरचे नंबर असतील तरी पाच. रविवार आणि सुट्ट्या यात धरत नाहीत, त्यामुळे दिवाळीच्या आठवड्यात कुणी पोर्टला आलं की मी आधी पंचांग दाखवतो.

प्रज्ञा_सोलापूर

माझा नंबर वडिलांच्या नावावर आहे, वापरते मी. ऑनलाइन फॉर्ममध्ये माझं नाव टाकलं, कोडही आला, कारण मेसेज तर माझ्याच फोनवरून गेला होता. पण सिम घेऊन आलेल्या मुलीने आधार तपासलं आणि सांगितलं की नाव वडिलांचं आहे तर वडील समोर हवेत. वडील गावी होते. शेवटी ते सोलापूरला आल्यावर त्यांच्या आधारवर पोर्ट केलं, नाव अजून त्यांचंच आहे. आधी नाव बदलायला गेले असते तर तो अर्ज पुरा होईपर्यंत कोड मिळाला नसता. आता नव्या कंपनीत नाव बदलून घेईन.

नीलिमा_डोंबिवली

एक सांगायचंच आहे. माझ्या आईला फोन आला, 'तुमचा नंबर आमच्याकडे आणा, तीन महिने मोफत, फक्त 1900 ला PORT चा मेसेज करा आणि आलेला कोड सांगा.' आईने कोड वाचून दाखवला. मी घरी होते म्हणून लगेच जुन्या कंपनीला फोन केला, त्यांनी सांगितलं की अजून पोर्टचा अर्ज आलेला नाही. पुढचे चार दिवस आम्ही दर काही तासांनी 'पोर्टचा अर्ज मिळाला' असा मेसेज येतो का ते बघत होतो. तसा आला तर त्याच क्षणी CANCEL पाठवायचं ठरवून तो मेसेज आईच्या फोनवर लिहून ठेवला होता. सुदैवाने कोड बाद झाला. आपण स्वतः सिम मागवलेलं नसेल तर कुणालाही कोड सांगू नका.

सह्याद्री_७७

काकांचं वाचून भावाला विचारलं, त्याचं पोर्टिंग २०१७ चं होतं. म्हणजे जुन्या पद्धतीतलं. चुकीचं सांगितलं त्याबद्दल माफी. पण एक विचारतो. माझ्या प्रीपेडचा पॅक संपून आठवडा झाला, आउटगोइंग बंद आहे. 1900 चा मेसेज जाईल का?

मेघना_नाशिक

स्वस्त पॅकमध्ये मेसेज नसले तरी 1900 ला मेसेज जाऊ द्यायलाच हवा, असं ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये कंपन्यांना बजावलं होतं. माझ्या मावशीचा सगळ्यात छोट्या पॅकवरून गेला.

रिचार्जवाले_काका

पॅक पूर्ण संपलेला असेल तर माझ्या दुकानात दोन्ही बघितलंय. काहींचा जातो, काहींचा 'मेसेज पाठवता आला नाही' म्हणून परत येतो. आधी पाठवून बघा. नाही गेला तर सगळ्यात लहान रिचार्ज मारा आणि तासाभराने पुन्हा पाठवा.

कोकणचा_विन्या

काका, मी आता त्याच सिमवरून ई-सिम केलंय, फोनमध्येच. पोर्ट करायचं झालं तर ते सात दिवस मलाही लागू का? सिम हरवलेलं नव्हतं.

रिचार्जवाले_काका

विन्या, हरवलेल्या किंवा बिघडलेल्या सिमबद्दल मला खात्री आहे. ई-सिमचं गिऱ्हाईक अजून माझ्याकडे आलेलं नाही. तुम्ही PORT पाठवा, नकार आला तर कारण काय लिहिलंय ते इथे टाका.