मायक्रोवेव्हमध्ये शिजवलं की सत्त्व मरतं?

तिरफळ
मायक्रोवेव्ह घराबाहेर काढा. त्याच्या लहरींनी अन्नाचे रेणूच मोडतात आणि ९७ टक्के सत्त्व जातं, हे स्पेनच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. आमच्या आजीने चुलीवर भरपूर पाण्यात तासभर रटरटवलेला शेवग्याचा पाला खाऊन नव्वदी गाठली. हल्लीच्या सुनांना दोन मिनिटं थांबायला नको. माझं चुकत असेल तर सांगा.

वेळणी
चुकतंय, आणि सविस्तर सांगते, कारण हेच ९७ टक्के माझ्या बहिणीनेही मला परवा पाठवले होते.

तो प्रयोग २००३ सालचा, ब्रोकोलीवरचा. ९७ टक्के गेले ते फ्लेव्होनॉइड, म्हणजे एकाच गटातले पदार्थ, सगळं सत्त्व नव्हे. शिवाय ती ब्रोकोली पाणी घालून मायक्रोवेव्हमध्ये ठेवली होती. त्याच प्रयोगात वाफेवर शिजवलेल्या ब्रोकोलीतले ११ टक्केच गेले. म्हणजे तुम्ही आणलेला साक्षीदार पाण्याविरुद्ध बोलतोय, यंत्राविरुद्ध नाही.

लहरी रेणू मोडत नाहीत. अन्नातल्या पाण्याच्या कणांना त्या घुसळतात, त्यातून उष्णता होते, तेवढंच. आता सी जीवनसत्त्व जातं कसं? पाण्यात उतरतं, उष्णतेने मोडतं आणि हवा लागून मोडतं. जितका वेळ जास्त, जितकं पाणी जास्त, तितकं ते जास्त जाणार, मग खाली चूल असो वा वीज. लोह आणि कॅल्शियम कितीही आगीने मरत नाहीत. ते जातात फक्त ओतून टाकलेल्या पाण्याबरोबर.

मी २२ वर्षं गृहविज्ञान शिकवलं. दरवर्षी एक प्रयोग मुलींकडून करून घ्यायचे. शेवग्याच्या पाल्याचे दोन सारखे वाटे करायचे. एक वाटा चार वाट्या पाण्यात २० मिनिटं उकळायचा, दुसरा धुतल्यावर अंगाला राहिलेल्या पाण्यावरच झाकून वाफवायचा. मग अर्क काढून त्यात निळा द्राव थेंबाथेंबाने सोडायचा. सी आहे तोवर त्याचा रंग उडत जातो, संपलं की गुलाबी छटा टिकते. उकळलेल्या पाल्याच्या अर्कात काही थेंबांतच गुलाबी टिकायचं आणि मुली म्हणायच्या, "मॅडम, यात काही नाहीच." मग मी त्यांना मोरीत ओतायला काढलेलं पाणी तपासायला लावायचे. त्यात थेंबांमागून थेंब पडत राहायचे आणि रंग उडत राहायचा. त्या पातेल्याजवळ उभ्या राहून मुलींचे चेहरे बदलताना मी २२ वेळा पाहिलेत.

तुमची आजी ते पाणी टाकत होती का, हे आधी सांगा.

तिरफळ
आजी काहीच टाकत नसे. पाल्याचं पाणी आमटीत जायचं, भात वेळला की पेज प्यायची. पण तो मुद्दा नाही. मुद्दा लहरींचा आहे.

वेळणी
तोच तर मुद्दा आहे. पाण्यात उतरलेलं तरी तिच्या पोटात गेलं. तासभराच्या उकळीने मोडलं ते गेलंच, पण मोरीत काही गेलं नाही. तिच्या नव्वदीचं श्रेय द्यायचंच तर त्या पेजेला द्या.

घाटउतार
तुम्ही सगळे चुलीवर आणि मायक्रोवेव्हवर भांडताय. आमच्या बाजारात पालेभाजी येते कुठून? कोल्हापूर, बेळगावहून. काल तोडलेली, रात्रभर टेम्पोत दबलेली, इथे दिवसभर उन्हात पाणी मारून ठेवलेली. संध्याकाळी मेथीची जुडी हातात घेतली तर मधली पानं गरम लागतात. त्यात शिजवण्याआधीच काय उरलंय? परसात शेवगा आहे, पावसात टाकळा फुकट उगवतो, तरी आपण ती मेथी विकत घेतो. हे कोणी बोलत नाही.

वेळणी
हे मान्य. मलूल पानातलं सी तोडल्या घटकेपासून कमी होत असतं. परसातला पाला तोडून तासाभरात शिजवलात तर पद्धत थोडी चुकली तरी तो त्या मेथीच्या पुढेच राहील.

सुरंगी
मी त्या "हल्लीच्या सुनां"पैकीच. रत्नागिरीत नोकरी करते, आठला घरी पोचते. दोन मिनिटं थांबायला नको असं नाही हो दादा, दोन मिनिटं नसतात. पण मायक्रोवेव्हची मलाही धास्ती आहे. गेल्या जुलैत सकाळी आणलेला बांगडा शिजवून ठेवला होता, रात्री मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खाल्ला. अर्ध्या तासात तोंड लालभडक, कान तापलेले, अंगावर चट्टे, डोकं ठणकायला लागलं. मुलाचंही तेच. सासूबाई म्हणाल्या, किरणं बाधली. तेव्हापासून मासे त्यात घालत नाही. हे कशाने झालं असेल?

वेळणी
जिभेला चुरचुरल्यासारखं, तिखट लागलं होतं का? आणि बांगडा शिजवण्याआधी किती वेळ बाहेर होता?

सुरंगी
हो! मुलगा म्हणाला होता, "आई, जीभ चावतेय." मला वाटलं तिरफळं जास्त झाली. सातला मासे घेतले, लाईट नव्हती म्हणून फ्रिज बंदच होता. कामावरून येऊन दुपारी तीनला शिजवले, त्या दिवशी अर्धी रजा होती.

वेळणी
मग किरणं नव्हेत, हिस्टामीन. बांगडा, तारली, सुरमई, कुपा या माशांच्या मांसात मुळातच असा एक घटक असतो की मासा उबेत राहिला की जंतू त्याचं हिस्टामीन करतात. जुलैच्या दमट हवेत सात ते तीन म्हणजे आठ तास झाले. एकदा ते तयार झालं की उकळून, तळून, गोठवून जात नाही. गॅसवर गरम केला असतात तरी हेच झालं असतं. वासही पुष्कळदा नेहमीसारखाच असतो, म्हणून फसायला होतं. खुणा तुम्ही सांगितल्यात त्याच: जीभ चुरचुरणं, तोंड लाल होणं, थोड्याच वेळात चट्टे. बहुतेकदा दिवसभरात उतरतं, पण श्वास लागला तर थांबू नये, डॉक्टर गाठावा. एकाच जेवणातून दोघांना एकदम झालं, म्हणून ही ॲलर्जीही वाटत नाही.

खाडीकाठ
थांबा. आता सगळं मासेविक्यांवर ढकलणार का? आमचं घर तीन पिढ्या मासेमारीत. आमच्या होडीतला बांगडा जाळ्यातून थेट बर्फात जातो. तुम्ही बाजारात येता, "बर्फातला नको, ताजा दाखव" म्हणता, आणि बाई बिचारी गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून मासा बर्फावरून काढून फळीवर मांडते. मग घरी नेऊन पिशवीत ठेवता आणि आठ तासांनी शिजवता. आणि जुलै म्हणता? जुलैत यांत्रिक होड्यांना बंदी असते. तो बांगडा बाहेरून आलेला, किती दिवसांचा होता ते देव जाणे. आम्हाला का बोलता?

सुरंगी
मी कोणालाच बोलले नाही हो. माझ्या पोराच्या अंगावर चट्टे उठले ते सांगितलं.

खाडीकाठ
तुम्ही नाही. पण दर पावसात कोणीतरी आजारी पडतं आणि मग महिनाभर आमच्या बायकांच्या टोपल्या रिकाम्या होत नाहीत. बर्फातला मासा शिळा, हा समज तुम्ही शहरवाले पसरवता.

घाटउतार
रत्नागिरी शहर कधी झालं?

खाडीकाठ
ज्यांच्या घरी मायक्रोवेव्ह आहे त्यांच्यासाठी झालं.

वेळणी
खाडीकाठ, बर्फाबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. बर्फात दाबलेला बांगडा फळीवरच्या "ताज्या"पेक्षा केव्हाही सुरक्षित. घरी आल्यावर लगेच साफ करून बर्फाच्या डब्यात घालावा, लाईट नसेल तर बर्फ मागून आणावा. सुरंगी, चूक तुमची नाही आणि मासेवालीचीही नाही, त्या आठ तासांची आहे.

मोरावळा
मॅडम सगळं यंत्राच्या बाजूने सांगतायत, एक गोष्ट सोडून. मी लॅबमध्ये काम करतो. जपानमध्ये १९९८ साली मांस आणि दूध मायक्रोवेव्हमध्ये तापवून पाहिलं, बी१२ तब्बल ३० ते ४० टक्के गेलं. मग मासळी त्यात शिजवणं चूकच ना? तिरफळ पूर्ण चुकीचे नाहीत.

वेळणी
हे खरं आहे, आणि मी ते सांगायला हवं होतं. बी१२ च्या बाबतीत त्या प्रयोगात मायक्रोवेव्हने खरोखर नुकसान केलं. पण त्यावरून "मासळी शिजवणं चूक" हे निघत नाही. दूध गॅसवर उकळत ठेवलं तरी बी१२ जातंच. आणि आठवड्यातून चार दिवस मासे खाणाऱ्या घरात बी१२ ची ददात नसते. ते कमी पडतं जिथे दूधही जेमतेम आणि मासा नाहीच. तिथे दूध वारंवार तापवू नका, एवढं मी म्हणेन.

मोरावळा
म्हणजे माझं बरोबर.

वेळणी
आकड्याचं बरोबर, निष्कर्षाचं नाही.

तिरफळ
शेवटी मायक्रोवेव्हमध्ये काहीतरी मरतं हे मान्य झालं. बरं, पाण्याचं मी ऐकलं. पण पाणी न घालता त्यात पाला कसा शिजतो? माझ्या पुतणीने केला तो कडेला करपला आणि मधे कच्चा, चावता चावत नव्हता.

वेळणी
त्याचं कारण तीन गोष्टींत असतं. जून पाला, उघडं भांडं आणि न ढवळणं. लहरी अन्नात दोनतीन सेंटीमीटरच शिरतात, मधला भाग कडेच्या उष्णतेनेच शिजतो. म्हणून पाला पसरट काचेच्या भांड्यात घाला, ढीग करू नका.

कोवळा पाला देठं काढून घ्या, दोन मोठ्या मुठी. धुवून निथळा, पण पुसू नका, अंगावरचं पाणी पुरतं. काचेचं झाकण ठेवून ८०० वॅटवर ३ मिनिटं, ढवळून आणखी १ मिनिट, मग झाकण न उघडता २ मिनिटं तसंच ठेवा. मधला भाग त्या दोन मिनिटांतच शिजतो. तळाशी चमचाभर हिरवट पाणी दिसलं तर ते भाजीत परतवा. वाटीभर दिसलं तर तुम्ही पाणी जास्त ठेवलंत. मग वरून फोडणी आणि ओलं खोबरं. खोबरं चवीपुरतं नाही, पाल्यातलं कॅरोटीन अंगी लागायला स्निग्ध पदार्थ हवाच. पावसात व्होल्टेज पडलं असेल तर यंत्राची ताकद उतरते, तेव्हा ३ मिनिटांचं ४ लागेल. घड्याळ पाहू नका, पानाचा रंग पाहा: गर्द हिरवा झाला की झालं, शेवाळी पडला की वेळ जास्त झाला.

अळू मात्र त्यात झटपट करू नका. घशाला खाजेल. त्याला चिंच किंवा आमसूल घालून गॅसवर नीट शिजूच द्यायला हवं. तिथे चुलीचाच विजय.

तिरफळ
अळवाचं आजीही हेच म्हणायची. चुलीवरच्या धुराची चव तुमच्या काचेच्या भांड्यात येणार नाही, तेवढं लिहून ठेवा.

वेळणी
लिहून ठेवलं. धुराने आजीच्या डोळ्यांना किती पाणी यायचं, तेही तुम्ही लिहून ठेवा.

सुरंगी
आज आल्यावर पाला केला. तीन आणि एक मिनिट, मग झाकून ठेवला. तळाशी दोन चमचे पाणी होतं, भाजीत परतवलं. सासूबाईंनी भांडं कलतं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "पाणी ओतून टाकलंस नाही ना?" बांगडा अजून घरात आणत नाही. मुलाला त्याचं नावही नको झालंय.

खाडीकाठ
ताई, रविवारी पहाटे होडी लागते. बर्फाचा डबा घेऊन या, जाळ्यातला बांगडा तुमच्यासमोर बर्फात घालून देतो. मुलालाही आणा, त्याला मासा हातात घेऊन बघू दे.