ईसॉपवर 'दोनदा कर'? – जरा आकडे मांडून बोलूया

मूळ पोस्ट, हिंजवडीकर:
"कंपनी कागदावरचे शेअर देते आणि सरकार खऱ्या नोटा मागतं. ऑप्शन व्हेस्ट झाले की टॅक्स, शेअर विकले की परत टॅक्स. एकाच पैशावर दोनदा! त्यापेक्षा साधी पगारवाढ मागा आणि सुखात झोपा."

खातेवही:
हे वाचून गप्प बसवेना. ईसॉप म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घेता यावेत म्हणून कर्मचाऱ्याला दिलेले ऑप्शन. ग्रँट मिळाली त्या दिवशी कर नाही. व्हेस्टिंगच्या दिवशीही नाही, कारण तेव्हा हातात फक्त हक्क आलेला असतो. कर लागतो तो तुम्ही एक्सरसाइज करून शेअर नावावर घेता तेव्हा. त्या दिवसाची बाजारकिंमत वजा तुम्ही भरलेली किंमत, एवढा फरक पगारात धरतात.

२,००० ऑप्शन धरा. एक्सरसाइज किंमत १० रुपये, कंपनी अनलिस्टेड, मर्चंट बँकरने काढलेला भाव ६१०. फरक ६०० गुणिले २,००० म्हणजे १२ लाख. तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर सेससकट ३,७४,४०० रुपये कर, वर शेअरचे २० हजार. महिन्याच्या पगारातून एवढा टीडीएस निघत नाही, म्हणून बहुतेक कंपन्या आधी चेक मागतात आणि मगच शेअर देतात.

आता तुमचं 'दोनदा'. शेअर दोन वर्षांहून जास्त ठेवून ९१० ला विकले तर नफा ९०० चा नाही, ३०० चाच. खरेदी किंमत म्हणून ६१० धरायचे असतात, १० नव्हे. म्हणजे ६ लाखांवर साडेबारा टक्के, सेस धरून ७८ हजार. पहिले ६०० पगार म्हणून, पुढचे ३०० भांडवली नफा म्हणून. एकाही रुपयावर दोनदा कर नाही.

हिंजवडीकर:
व्हेस्टिंगचं मी मनाने लिहिलेलं नाही. आमच्या जुन्या बॉसने हेच सांगितलं होतं.

खातेवही:
बॉसचंही बरोबर असेल, त्यांच्या काळापुरतं. १ एप्रिल २००७ पासून दोन वर्षं ईसॉपवर फ्रिंज बेनिफिट टॅक्स होता आणि त्यात भाव व्हेस्टिंगच्या दिवसाचाच धरायचे. कर कंपनीवर होता, पण तो कर्मचाऱ्याकडून वसूल करायची मुभाही होती. ते २००९ मध्ये गेलं. गोष्ट तेवढी उरली.

भातुकली:
मला अमेरिकन कंपनीचे आरएसयू मिळतात आणि माझा कर व्हेस्टिंगलाच कापला जातो! १०० व्हेस्ट झाले की थोडे परस्पर विकून टाकतात. मग मी काय, २००७ मध्ये राहते?

खातेवही:
ताई, आरएसयू वेगळे. तिथे एक्सरसाइज नावाची पायरीच नाही. व्हेस्ट होतात आणि खात्यात पडतात, त्यामुळे दोन्ही दिवस एकच. मात्र शेअर अमेरिकेत लिस्टेड असले तरी आपल्याकडे ते अनलिस्टेडसारखेच मोजतात. दीर्घ मुदतीसाठी २४ महिने लागतात, १२ नाही. आणि रिटर्नमधलं परदेशी मालमत्तेचं शेड्यूल एफए भरताना जानेवारी ते डिसेंबर बघा, एप्रिल ते मार्च नव्हे. तिथे फार जण घसरतात.

सदाशिवपेठी:
आकडेमोड छान, पण उदाहरण सोयीचं निवडलंत. भाव ९१० झाला म्हणून गोड वाटतंय. ३१० झाला तर?

खातेवही:
तर हिंजवडीकरांचा राग रास्त आहे. घ्या, लिहून देते. ३१० ला विकले तर खिशात खरा नफा ३०० गुणिले २,००० म्हणजे ६ लाख. कर मात्र १२ लाखांवर भरून झालेला, ३,७४,४००. खऱ्या नफ्याच्या ६२ टक्क्यांहून जास्त. कागदावर ६ लाखांचा भांडवली तोटा दिसेल, पण तो पगारातून वजा होत नाही. दोन वर्षांनंतर विकले असतील तर फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजा करायचा, पुढची ८ वर्षं. असा नफाच नसेल तर तोटा सांभाळत बसा.

सदाशिवपेठी:
मग सगळा कर विक्रीच्या दिवशी का घेत नाहीत? साधा प्रश्न आहे.

खातेवही:
सगळा विक्रीला आणि साडेबारा टक्क्यांनी घेतला तर उद्या प्रत्येक डायरेक्टर पगाराऐवजी ऑप्शनच मागेल. विक्रीला घ्या पण स्लॅबने घ्या, असं म्हणत असाल तर माझी हरकत नाही.

टपरीवरचा_चहा:
पण स्टार्टअपना सूट आहे ना? आमची एचआर म्हणते, डीपीआयआयटीचं, म्हणजे केंद्राच्या उद्योग विभागाचं स्टार्टअप सर्टिफिकेट आहे, पाच वर्षं कर नाही.

खातेवही:
कर आहेच, फक्त पुढे ढकललेला. आणि डीपीआयआयटीची मान्यता पुरत नाही. कंपनीकडे ८०-आयएसीचं, म्हणजे आंतर-मंत्रालयीन मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ते फार थोड्यांकडे असतं. एचआरला तोच कागद दाखवायला सांगा.

टपरीवरचा_चहा:
आणि कागद असला तर?

खातेवही:
सप्टेंबर २०२३ मध्ये शेअर मिळाले असतील तर आकारणी वर्ष २०२४-२५. ते मार्च २०२५ ला संपलं, तिथून ४८ महिने म्हणजे मार्च २०२९. त्याआधी शेअर विकले किंवा नोकरी सुटली तर तेव्हाच. यांतलं जे आधी घडेल त्यानंतर १४ दिवसांत कर. रक्कम मात्र एक्सरसाइजच्या दिवसाच्या भावानेच. मधे शेअर मातीमोल झाला तरी.

हिंजवडीकर:
म्हणजे राजीनामा दिला की १४ दिवसांत साडेतीन लाख! ही सवलत की गळ्यातला पट्टा?

सदाशिवपेठी:
शिवाय राजीनाम्यानंतर ९० दिवसांत व्हेस्टेड ऑप्शन एक्सरसाइज करा नाहीतर बुडाले. हा कायदा करणाऱ्याला मुजरा.

खातेवही:
अहो, ९० दिवस कायद्यात नाहीत! ते तुमच्या कंपनीच्या स्कीममध्ये आहेत. काही कंपन्या कित्येक वर्षांची मुदत देतात. सही करताना वाचायचं नाही आणि मग शिव्या सरकारला.

सदाशिवपेठी:
चाळीस पानांची स्कीम नोकरी लागतानाच्या दिवशी कोण वाचतो? उगाच शहाणपण नको.

खातेवही:
सगळी नका वाचू. 'एक्सरसाइज पिरियड' शोधा, एक परिच्छेद असतो.

नोंदवही_२:
भांडण चालू द्या, पण खरा दोनदा कर कुठे बसतो ते राहिलंच. कंपनी लिस्ट झाल्यावर ब्रोकरच्या नफा-तोटा पत्रकात ईसॉपच्या शेअरची खरेदी किंमत शून्य किंवा १० रुपये दिसते. तेच आकडे रिटर्नमध्ये उतरवले की ६०० रुपयांवर आधी पगाराचा आणि आता भांडवली नफ्याचा, असे दोन कर भरले जातात. एक्सरसाइजच्या वर्षाचा फॉर्म १२बीए, म्हणजे कंपनीने पगारात काय काय धरलं त्याचा कागद, आणि वाटपाचं पत्र जपून ठेवा आणि ६१० हाताने भरा.

हिंजवडीकर:
म्हणजे दोनदा कर आहेच. मी काय वेगळं म्हणत होतो?

खातेवही:
हो हो, तुम्हीच जिंकलात. फक्त तो सरकार लावत नाही, आपण स्वतः लावून घेतो.

टपरीवरचा_चहा:
शेवटचं विचारतो. मागच्या महिन्यात आमचा गुंतवणुकीचा नवा राउंड आधीच्या निम्म्या भावाला झाला. आता एक्सरसाइज केलं तर ६१० धरतील की निम्मा?

नोंदवही_२:
मर्चंट बँकरचा अहवाल १८० दिवसांपर्यंत जुना चालतो, म्हणजे राउंडआधीचा ६१० चाच वापरला तरी नियमात बसतं. चेक देण्याआधी अहवालाची तारीख विचारा. नवा काढणार असतील तर तोवर थांबा. नाहीच म्हणाले तर जुन्याची मुदत संपेपर्यंत तरी, पण तुमची एक्सरसाइजची मुदत त्याआधी संपत नाही ना, तेवढं बघून.