चष्म्याने नंबर वाढतो?

> 'वाचायचा चष्मा एकदा लावला की डोळे आळशी होतात आणि नंबर वाढतच जातो.'

चष्मा लावला नाही तरी तो वाढतोच. डोळ्यातलं भिंग लहानपणापासून हळूहळू कडक होत असतं. जवळचं पाहताना ते पुरेसं फुगेनासं झालं की चाळिशीत अक्षरं पुसट दिसू लागतात. पण वाढीला मर्यादा आहे. चष्म्याचा नंबर डायऑप्टर या एककात मोजतात, आणि ४० सेंटिमीटरवर वाचायला एकूण २.५ डायऑप्टर लागतात. पंचेचाळिशीत डोळा त्यातले दीडेक स्वतः देतो, म्हणून साधारण +१ पुरतो. पन्नाशीनंतर तो वाटा घटत जातो, साठीच्या आसपास जवळजवळ संपतो आणि नंबर +२.५ च्या आसपास थांबतो. (दूरचा नंबर असेल तर तो यात मिळवायचा.) साठीनंतर चष्म्याशिवाय अचानक वाचता येऊ लागलं, तर मोतीबिंदू तपासून घ्या.