मदत हवी आहे: वडिलांचं लायसन्स धुळ्याचं, राहणं नाशिकला. आधी नूतनीकरण की आधी पत्ता?

इंदिरानगरवाला: वडील ५८ वर्षांचे. लायसन्स एमएच-१८ चं आहे, मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. आता ते कायमचे आमच्याकडे राहायला आलेत. त्यांच्या आधारवर धुळ्याचाच पत्ता आहे आणि इथलं वीजबिल माझ्या नावावर. सुरुवात कुठून करू? कागदांवाचून त्यांची गाडी बंद पडू नये, एवढीच काळजी आहे.

पंचवटीकर: धुळ्याहून एनओसी आणावी लागेल. शिवाय तुमच्यात भाडेकरार करून टाका, पत्त्याचा पुरावा होतो.

पेठरोड_जुना: एनओसी गाडीच्या आरसीसाठी लागते, लायसन्ससाठी नाही. बापलेकात भाडेकरार कशाला करायचा? आधी आधार बदला. sarathi.parivahan.gov.in वर आधारने अर्ज केला की पत्ता आधारवरूनच उचलला जातो. घाईने आधी नूतनीकरण केलंत, तर नवीन कार्ड टपालाने धुळ्याला जाईल.

myAadhaar वर वडिलांच्या लॉगिनमधून कुटुंबप्रमुखाच्या आधारे पत्ता बदलायचा अर्ज करा. कुटुंबप्रमुख म्हणून तुमचा आधार क्रमांक द्या. नात्याचा पुरावा म्हणून दोघांची नावं असलेलं रेशनकार्ड चालतं. तुमचाच पत्ता त्यांना लागतो, म्हणून तुमच्या आधारवर नाशिक आहे ना, ते आधी पाहा. मग तुम्ही स्वतःच्या लॉगिनमधून ३० दिवसांत संमती द्यायची. बरेच जण हीच पायरी विसरतात आणि अर्ज बाद होतो. फी परत मिळत नाही.

आधार बदलल्यावर सारथीवर नूतनीकरण आणि पत्ताबदल एकाच अर्जात निवडा. चाळिशीपुढे फॉर्म १ए, म्हणजे डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे डॉक्टर ते स्वतःच्या लॉगिनमधून भरतात, तेव्हा तशी सोय असलेलेच एमबीबीएस डॉक्टर गाठा. मुदत संपल्यावर वर्षभरात अर्ज केला तर पुन्हा चाचणी द्यावी लागत नाही, पण तोवर गाडी चालवता येत नाही.

सिडको_ताई: माझ्या स्कूटरच्या आरसीवरचा पत्ता बदलायला विम्याची प्रत मागितली होती. तीही ठेवा.

पेठरोड_जुना: ताई, ते गाडीचं झालं. इथे विमा लागत नाही.

इंदिरानगरवाला: माझ्या आधारवर नाशिकच आहे. आणखी एक, लायसन्स जुन्या पुस्तकाच्या काळातलं आहे. सारथीवर नंबर टाकला तर माहितीच सापडत नाही.

पेठरोड_जुना: मग हे सगळ्यात आधी सोडवा. एमएच१८, मग चार आकडी वर्ष, मग सात आकडे, कमी पडले तर पुढे शून्यं, असा नंबर टाकून पाहा. तरीही आलं नाही, तर नोंद संगणकावर चढलेली नाही. ती बॅकलॉग नोंद धुळ्याच्या आरटीओलाच करावी लागते, नाशिकला होणार नाही. मूळ लायसन्स सोबत न्या.

इंदिरानगरवाला: शून्यं घातल्यावर आलं! पण लायसन्सवर आडनाव आधी आहे आणि आधारवर शेवटी. अडेल का?

पंचवटीकर: माझ्या भावाचं अडलं होतं, कार्यालयात जावं लागलं.

सिडको_ताई: आमच्या शेजाऱ्यांचं तसंच होतं, काही विचारलं नाही.