मदत हवी आहे: पनवेलहून रात्रीची एसटी नक्की कुठे पकडायची?

घणसोलीकर_९
उद्या रात्रीची एसटी आहे. आरक्षण केलंय, चढण्याचं ठिकाण पनवेल टाकलंय. गाडी स्टँडमध्ये येते की हायवेवरच थांबते? सोबत आई-वडील आहेत, उगाच धावपळ नको. शिवाय स्टँडबाहेर एक जण भेटला, म्हणाला की एसटीचा भरवसा नाही, खाजगी स्लीपर देतो, माणशी 1200. त्याचं ऐकावं का? प्लीज लवकर सांगा.

लाल_डबा
कुठे जायचंय ते लिहिलंच नाहीत. पनवेलवरून कोकणातल्या गाड्या जातात, घाटावरच्याही जातात. गाडी सुटते कुठून? तिकिटावर सुटण्याची वेळ काय आहे आणि पनवेलची वेळ काय?

सह्याद्रीचा_वारा
पनवेलला जाताच कशाला? घणसोलीत राहता ना, ठाण्याहून सुटणारी प्रत्येक गाडी ठाणे-बेलापूर रोडनेच जाते. रबाळे किंवा घणसोलीच्या थांब्यावर उभे राहा आणि हात दाखवा. आरक्षण असलं की थांबवतात.

लाल_डबा
सह्याद्री, असलं सांगू नका हो. काही गाड्या कळवा, मुंब्रा, शिळफाटा करून थेट कळंबोलीला निघतात, त्या घणसोलीचं तोंडही बघत नाहीत. आणि समजा गाडी त्या रस्त्याने आली, तरी वाहकाच्या आरक्षण यादीत तुमच्या नावासमोर पनवेल लिहिलेलं असतं. तो पनवेललाच तुमची वाट बघणार. रात्री अंधारात, सत्तरच्या वेगात असलेल्या चालकाला हात दिसणार कसा? चढण्याचं ठिकाण आरक्षण करतानाच ठरतं, रस्त्यात नाही.

सह्याद्रीचा_वारा
माझ्या माहितीत थांबवतात. असो.

कु_सुमन
शिवनेरीने जा, इलेक्ट्रिकसुद्धा आहेत आता. पुण्याला अजिबात त्रास होत नाही.

लाल_डबा
पुण्याला जायचंय असं कोणी म्हटलंय?

घणसोलीकर_९
सॉरी, गुहागरला जायचंय. बोरिवली-गुहागर, साधी गाडी. तिकिटावर बोरिवली 22:00 आणि पनवेल 00:20 आहे. तारीख शनिवार 13. पण माझा प्रश्न फक्त एवढाच होता की उभं कुठे राहायचं.

पनवेलचा_बाबू
स्टँडमध्येच, म्हणजे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या मुख्य एसटी स्टँडवर. रेल्वे स्टेशन वेगळं आहे, तिथे उतरलात तर रिक्षा करावी लागेल. आत गेल्यावर आधी चौकशीच्या खिडकीवर वाहतूक नियंत्रकाला गाडीचं नाव आणि वेळ सांगा. कुठली गाडी कुठवर आली याचा अंदाज त्याला असतो आणि फलाटही तोच सांगेल. बाहेर रस्त्यावर थांबू नका. तिथे खाजगीवाल्यांची रांग असते, आणि लाल गाडी मागून आत वळली तरी बाहेरून कळत नाही.

लाल_डबा
थांबा थांबा. घणसोलीकर, तुम्ही "उद्या रात्री" म्हणालात. आज गुरुवार. म्हणजे तुम्हाला शुक्रवारी रात्री निघून शनिवारी सकाळी गुहागरात पोहोचायचंय, बरोबर? आणि तिकिटावर शनिवार 13?

घणसोलीकर_९
हो. पनवेलला गाडी 12:20 ला येते ना, मध्यरात्रीनंतर. तेव्हा शनिवार लागलेला असतो, म्हणून शनिवारची तारीख टाकली. शनिवारी दुपारी घरी पूजा आहे.

लाल_डबा
हीच चूक. आरक्षण यादी गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेची निघते. तुमच्याकडे शनिवार 13 ला बोरिवलीहून 22:00 ला सुटणाऱ्या गाडीचं तिकीट आहे. ती गाडी पनवेलला येते तेव्हा 00:20 झालेले असतात आणि रविवार 14 सुरू झालेला असतो. तुम्ही उद्या रात्री पनवेलला गेलात तर शुक्रवार 12 ची गाडी येईल. वाहकाच्या यादीत तुमचं नाव नसेल, आणि तुमच्या आसनांवर दुसरी माणसं बसलेली असतील.

खोपटवाले_काका
मला हे पटत नाही. मी कित्येकदा मध्यरात्रीनंतरची तारीख बघूनच तिकीट काढतो. प्रवासाची तारीख म्हणजे माणूस चढतो ती तारीख.

लाल_डबा
काका, दुपारच्या गाडीला दोन्ही तारखा एकच असतात, म्हणून फरक कळत नाही. पण वाद नको. तिकीट उघडा आणि सेवा सुटण्याची वेळ व चढण्याची वेळ शेजारीशेजारी वाचा. सुटण्याची वेळ 22:00 आणि तिच्यापुढे 13 तारीख असेल, तर 22:00 नंतरचे 00:20 हे 13 तारखेचे कसे असणार? तारखेने मागे जाणारी गाडी अजून निघालेली नाही. तरी शंका असेल तर महामंडळाच्या 1800 22 1250 वर विचारा, किंवा खोपट आगाराच्या आरक्षण खिडकीवर तिकीट दाखवा.

घणसोलीकर_९
बाप रे. सुटण्याची वेळ 13 तारखेचीच लिहिलीये. मग आता? त्या स्लीपरवाल्याला हो म्हणू का? तो रात्री 10 पर्यंत कळवा म्हणतोय.

पनवेलचा_बाबू
घाई करायला लावणारा तो माणूस आणि "रात्री 10 पर्यंत" हे दोन्ही नेहमीचंच आहे. त्यांची भाषा ठरलेली असते. एसटी रद्द झाली, किंवा आरक्षण फुल आहे, किंवा "ही गाडी त्याच्याऐवजीच सोडलीये". गाडी रद्द झाली की नाही हे फक्त चौकशीची खिडकी सांगते, गणवेश नसलेला माणूस नाही. एसटीचे अधिकृत आरक्षण एजंटही असतात, पण ते छापील तिकीट देतात आणि त्यावर आरक्षण क्रमांक असतो. कागदावर पेनाने "2 सीट, पैसे दिले" असं लिहून देणाऱ्याकडून काही घेऊ नका. ऑनलाइन करायचं तर msrtc.maharashtra.gov.in उघडून तिथून आरक्षणाकडे जा. शोधून मिळणाऱ्या सारख्या नावाच्या दुसऱ्या साइटवर कार्डाचा नंबर टाकू नका.

सह्याद्रीचा_वारा
खाजगी गाडीत निदान झोप तरी लागते. एसटीची मागची बाकं म्हणजे कंबरेचा निकाल.

पनवेलचा_बाबू
झोप लागेल, पण पैशांचं बघा. 2018 च्या शासन निर्णयानुसार खाजगी गाडीने त्याच दर्जाच्या एसटी भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घ्यायचं नाही. 1200 त्यात बसतात का, हे आधी त्या दर्जाच्या एसटीचं भाडं बघून ठरवा.

खोपटवाले_काका
शासन निर्णय कागदावर. सणासुदीत कोण पाळतो? स्टँडच्या 200 मीटरच्या आत खाजगी गाड्या उभ्या करायला मनाई आहे, तीही रोज तिथेच दिसतात.

मोरपंखी
विषय निघालाच आहे तर मला सांगा, ठाण्याहून नाशिकला जायला खोपट बरं की स्टेशनजवळचा स्टँड? रात्री मुलीला पाठवायचंय.

लाल_डबा
लांब पल्ल्याला खोपट. स्टेशनजवळचा स्टँड जवळपासच्या गाड्यांसाठी आहे. बाकी वेगळा धागा काढा, नाहीतर इथे घोळ होईल.

घणसोलीकर, आता तुमचं. आई-वडिलांची वयं किती, आणि आरक्षण करताना त्यांची सवलत निवडली होतीत का?

घणसोलीकर_९
वडील 76, आई 68. सगळ्यांना प्रौढ टाकलं. घाईत होतो.

लाल_डबा
75 पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट 2022 पासून एसटीत मोफत प्रवास आहे. आरक्षण केलं तर फक्त आरक्षण आकार लागतो. आईंना अर्धं तिकीट आहेच. ज्येष्ठ म्हणून घ्या किंवा मार्च 2023 पासूनच्या महिला सवलतीत घ्या, रक्कम अर्धीच, दोन्ही एकत्र मिळत नाहीत. अट एवढीच की सवलतीचा प्रकार आरक्षणातच निवडायचा आणि गाडीत वयाचा मूळ पुरावा दाखवायचा. आधार मूळच न्या, झेरॉक्स पिशवीत ठेवून वाद होतो. पूर्ण भाड्याने काढलेल्या तिकिटातला फरक वाहक गाडीत परत देत नाही.

म्हणजे तारीखही चुकली आणि सवलतही चुकली. तेव्हा हे तिकीट रद्दच करा. पण आधी एक करा: शुक्रवार 12 च्या गाडीत जागा आहे का ते बघा आणि नवं तिकीट हातात आल्यावरच जुनं रद्द करा. गाडी सुटायची वेळ जवळ येईल तशी कपात वाढते, शेवटी काहीच मिळत नाही. तुमच्याकडे अजून दोन दिवस आहेत, म्हणून आज रात्रीच उरका.

घणसोलीकर_९
बघितलं. 12 च्या बोरिवली-गुहागरला एकही जागा नाही :( म्हणजे तो स्लीपरवाला बरोबरच होता.

पनवेलचा_बाबू
एका गाडीत जागा नाही म्हणजे जायला रस्ताच नाही, असं नाही. गुहागरच्या ऐवजी पनवेल ते चिपळूण असं शोधा. रत्नागिरी, देवरूख, सावंतवाडीच्या रात्रीच्या गाड्या चिपळूणवरूनच जातात, आणि "गुहागर" टाकलं की त्या दिसतच नाहीत. चिपळूण ते गुहागर साधारण 45 किलोमीटर आहे, पहाटेपासून स्थानिक गाड्या मिळतात. स्टँडवर उतरा म्हणजे वडिलांना बसायला जागा आणि दिवे असतील. वाहकाने "बहादूरशेख नाक्यावर सोडतो" म्हटलं तर नको म्हणा, तिथून पुन्हा रिक्षा शोधावी लागते.

लाल_डबा
बाबूने बरोबर सांगितलं. शोधताना तारीख 12 टाका आणि प्रत्येक गाडीची सुटण्याची वेळ वाचा. मुंबईहून 23:30 ला निघणारी गाडी पनवेलला मध्यरात्रीनंतर येईल, तरी ती 12 चीच. पण सुटण्याची वेळ 00:30 असलेली गाडी दिसली तर तिची तारीख 13 घ्यावी लागेल, कारण ती सुटतेच मध्यरात्रीनंतर. तिथे उलटा घोळ होतो.

खोपटवाले_काका
हे आत्ता पटलं.

सह्याद्रीचा_वारा
कोकण रेल्वेचं तत्काळ बघितलंत का?

घणसोलीकर_९
तत्काळ नको, आता त्या धावपळीत पडणार नाही. एक रत्नागिरी गाडी मिळाली, बोरिवलीहून 12 ला 21:30 ला सुटते, पनवेल 23:50. तीन जागा आहेत, पण दोन शेजारी आणि एक अगदी मागच्या बाकावर.

लाल_डबा
मागच्या बाकावर तुम्ही बसा, चाकामागे हादरे बसतात. शेजारच्या दोन आई-वडिलांना द्या, एक खिडकीची. ही पनवेलला मध्यरात्रीच्या आत येते, म्हणजे तारखेचा गोंधळ नाही. चढण्याचं ठिकाण पुन्हा पनवेलच आहे ना ते पैसे भरण्याआधी वाचा, कधीकधी आपोआप बोरिवलीच राहतं. मग पनवेलला तुम्ही उभे आणि तुमच्या जागा "आले नाहीत" म्हणून दुसऱ्यांना गेलेल्या.

घणसोलीकर_९
पनवेल टाकलं. वडील मोफत, आई अर्धं, मी पूर्ण. मेसेज आला. जुनं रद्द करतोय. पण अजून एक, गाडी उशिरा आली तर ती निघून गेली की यायची आहे, हे कळणार कसं?

पनवेलचा_बाबू
23:20 पर्यंत चौकशीच्या खिडकीवर जा. ठाण्याहून पुढे निघाली का ते नियंत्रक फोनवर विचारू शकतो, मनावर घेतलं तर. गाडीची पाटी वाचा: वर रत्नागिरी, खाली मार्गे चिपळूण.

खोपटवाले_काका
आणि लाल गाडीचा नंबर MH-14, MH-20 किंवा MH-40 असेल, दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांमुळे. एसटीसारखा रंग दिलेली खाजगी गाडी असली की...

लाल_डबा
काका, रात्री पावणेबाराला वडिलांचा हात धरून ते नंबर प्लेट वाचणार का? पाटी पुरे.

कु_सुमन
म्हणजे गुहागर. मला पुणे वाटलं होतं.