सेन्सरवरील धुळीचे डाग : सर्व फोटोंतून एकत्र काढताना

«सिंहगडावरच्या सगळ्या फोटोंत आभाळात त्याच जागी करडे ठिपके आहेत. प्रत्येक फोटो वेगळा साफ करावा लागेल का?»

नाही. धूळ सेन्सरपुढच्या काचेवर बसते आणि भिंगाचे छिद्र लहान असताना तिची सावली स्पष्ट उमटते, त्यामुळे एफ/१६ ला ठसठशीत दिसणारा डाग एफ/४ ला पसरून बहुधा नाहीसा होतो. म्हणून लाइटरूम क्लासिकमध्ये आधी छिद्रानुसार फोटो गाळून एफ/११ ते एफ/१६ चेच निवडावेत.

त्यांतला मोकळ्या आभाळाचा फोटो उघडून Heal साधनात Visualize Spots सुरू करावे आणि पट्टी सरकवत गेल्यास डाग काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या कड्यांसारखे उठून दिसतात. दुसऱ्या फोटोत त्याच जागी नसलेला ठिपका म्हणजे घार असू शकते. तिला हात लावू नये. डागापेक्षा किंचित मोठा ब्रश घ्यावा, पण डाग झाकायला जिथून नमुना घेतला जातो ती भरणीची जागा स्वतः सरकवू नये, कारण स्वयंचलित ठेवल्यास हीच दुरुस्ती बाकीच्या फोटोंना लावण्यासाठी Sync करताना लाइटरूम ती प्रत्येक फोटोत नव्याने शोधते, तर हाताने ठरवलेली जागा सगळीकडे तशीच लादली जाते. Sync च्या यादीत मात्र फक्त हीच दुरुस्ती निवडावी, नाहीतर एक्स्पोजरही सगळीकडे सारखे होईल. उभ्या फोटोंची चिंता नको. जागा मूळ चौकटीच्या हिशेबाने धरली जाते.

खरी गडबड होते ती डाग आभाळाऐवजी कल्याण दरवाजाच्या चिऱ्यांवर किंवा कड्याच्या रेषेवर आला की. तिथे दगडाची सांध तुटलेली किंवा आभाळाचा तुकडा भिंतीत चिकटलेला दिसतो. असे फोटो शंभर टक्के आकारात तपासावेत. दगडावर डाग मुळात दिसतच नसेल, तर तेवढी दुरुस्ती सरळ पुसून टाकावी.